पहिल्या पुस्तकाचे आभार

पहिलं पुस्तक छापून आलं की त्याचा एक फोटो निघतो. पुस्तक हातात धरलेली लेखिका, मागे घरातली भिंत किंवा प्रकाशन समारंभाचा फलक. हा फोटो लोकांपुढे ठेवताना त्याखाली चार ओळी लिहायच्या असतात. जिनं दोनशे पानांची कादंबरी लिहून पुरी केली, ती या चार ओळींपाशी अडते. लिहिते, खोडते, इतरांनी काय लिहिलंय ते बघते आणि शेवटी सगळे लिहितात तेच लिहून मोकळी होते. सांगायला अत्यंत आनंद होतो, स्वप्न साकार झालं, सर्वांच्या ऋणातच राहणं पसंत करीन, नक्की वाचा. कादंबरीतलं असं एक वाक्यसुद्धा तिनं स्वतःला माफ केलं नसतं.

असं का होतं, याचं नेहमीचं उत्तर ‘संकोच’ असं असतं. मला ते पुरेसं वाटत नाही. या मजकुरात दोन वेगळी कामं एकमेकांत मिसळलेली असतात. पुस्तक आलंय, अमुक प्रकाशकाचं आहे, इतक्या रुपयांना मिळतं, ही झाली एक सूचना. ज्यांनी छपाईआधी पुस्तक वाचलं आणि ज्यांनी घरात ते लिहू दिलं त्यांचे आभार, हे दुसरं काम. दोन्ही कामं रास्त आहेत. बिघाड होतो तो आभारांकडून सूचनेचं काम करून घेतलं जातं तेव्हा. वाक्याच्या तोंडी वाचकाचं नाव असतं, पण ते बोलत असतं ग्राहकाशी. विशेषणं कमी केली, उद्गारचिन्हं काढली, तरी हा दोष जात नाही, कारण तो शब्दांत नसून वाक्य कुणाकडे तोंड करून उभं आहे त्यात असतो.

म्हणून विक्रीचा उल्लेखच गाळावा, हा उपाय मला पटत नाही. मराठीत पहिल्या पुस्तकाची आवृत्ती एके काळी हजार प्रतींची असे, आता ती अनेकदा तीनशे-पाचशेवर आली आहे. त्या प्रतींमागे प्रकाशकाचे पैसे असतात, काही वेळा लेखकाचेही. वर्तमानपत्रांत परीक्षणाला जागा कमी उरली आहे आणि गावोगावी पुस्तकांची दुकानं नाहीत. अशा वेळी लेखिकेनं स्वतः सांगितलं नाही, तर पुस्तक आलंय हे तिच्या तालुक्यातही कळणार नाही. ते सांगण्यात कमीपणा नाही. फक्त ती ओळ वेगळी असावी, सगळ्यात शेवटी असावी आणि सरळ असावी: नाव, प्रकाशक, पानं, किंमत, कुठे मिळेल. एवढी ओळ स्वतःच्या पायावर उभी राहिली की वरच्या आभारांवरचं ओझं उतरतं. मग त्यांना फक्त आभारच मानायचे असतात.

आणि आभार मानायचे म्हणजे काय करायचं? माझ्या मते, कुणी कोणतं काम केलं याची नोंद करायची. हा विचार नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींचा शेवट पाहावा. पसायदान सगळ्यांना पाठ असतं, पण त्यापुढच्या ओव्या फार कमी जण वाचतात. त्यांत ग्रंथ कुठे झाला ते सांगितलं आहे, गोदावरीकाठचा प्रदेश आणि तिथे राज्य करणारा यादव राजा रामचंद्र यांचा उल्लेख आहे, गुरू निवृत्तिनाथांचं नाव आहे. शेवटी शके १२१२ हे साल येतं, म्हणजे इसवी सन १२९०, आणि ही टीका ज्यांनी आदरपूर्वक लिहून घेतली त्या सच्चिदानंदबाबांचं नाव येतं. त्यांची स्तुती नाही, त्यांच्या त्यागाचं वर्णन नाही. जागा, काळ, माणूस आणि त्यानं केलेलं काम, एवढंच आहे. सातशेहून अधिक वर्षांनंतर आपल्याला सच्चिदानंदबाबा ठाऊक आहेत ते या एका नोंदीमुळे. ‘ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी साहाय्य केले’ असं तिथे म्हटलं असतं, तर ते नाव आज कुणाला माहीत असतं?

पहिल्या पुस्तकाच्या फोटोखालचा मजकूर या नोंदीच्या जातीचा असावा असं मला वाटतं. हे नुसतं सांगून भागणार नाही, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, इचलकरंजीतली एक बाई आहे, सहकारी बँकेत नोकरी करणारी. तिनं यंत्रमागावर राबणाऱ्या एका कुटुंबावर पहिली कादंबरी लिहिली आहे. छपाईआधी ती तिघांनी वाचली: सगळं आयुष्य मागावर गेलेले एक शेजारी, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आणि कॉलेजातली एक मैत्रीण. घरात सासूबाई आहेत, नवरा आहे, दहा वर्षांची मुलगी आहे. पुस्तक आलं, फोटो निघाला, आणि तिनं पहिल्या झटक्यात लिहिलं:

“सांगायला अतिशय आनंद होतो की माझं अनेक वर्षांचं स्वप्न आज पूर्ण झालं! माझ्या पहिल्या वाचकांनी ही कादंबरी एका बैठकीत वाचून काढली, त्यांचे डोळे पाणावले. त्यांच्या प्रेमाने मी भारावून गेले आहे. माझ्या कुटुंबाच्या असीम संयमाशिवाय हे शक्यच नव्हतं. त्यांच्या ऋणातून मी कधीच उतराई होऊ शकणार नाही. तुम्हीही नक्की वाचा आणि तुमचं प्रेम द्या!”

तिच्या मनात खोट नाही. तरी यातलं दुसरं वाक्य बघा. वाचकांनी एका बैठकीत वाचलं, त्यांचे डोळे पाणावले, हे आभार नाहीत. ही मलपृष्ठावर छापायची शिफारस आहे, फक्त ती आभाराच्या जागी बसवली आहे. ज्या शेजाऱ्यांचे डोळे पाणावले, त्यांना ही गोष्ट माहीतच आहे. ती ऐकवायची आहे ती ज्यांनी अजून पुस्तक घेतलेलं नाही त्यांना. ओळखण्याची खूण अशी: ज्याचे आभार मानले त्यानं हे वाक्य वाचलं, तर आपण केलेलं काम त्याला त्यात दिसतं का? इथे दिसत नाही. दिसतं ते पुस्तकाचं कौतुक. आणखी एक खूण म्हणजे, हाच मजकूर दुसऱ्या कुणाच्या कवितासंग्रहाखाली तसाच्या तसा चिकटवता येतो. जो मजकूर कुठल्याही पुस्तकाला चालतो त्यात या माणसांपैकी कुणीच नाही.

मग या तिघांनी खरं काय केलं होतं? शेजाऱ्यांपासून सुरू करू, कारण त्यांचं काम सगळ्यात मोजता येण्यासारखं आहे. मूळ खर्ड्यात एक रात्र होती. नायक रात्रपाळीत नवा बीम लावतो, पहाटेपर्यंत तो संपतो, माग थांबतो, आणि त्या शांततेत त्याला घरातला एक निरोप मिळतो. प्रसंग उत्कट होता आणि लेखिकेला फार प्रिय होता. शेजाऱ्यांनी तो वाचून एवढंच म्हटलं, “ताई, एका रात्रीत बीम कुठला संपतोय?”

त्यांचं म्हणणं हिशेबानं खरं आहे. साध्या मागावर धोटा मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा फिरतो, म्हणजे तितकी पिकं पडतात. कापड ५२ पिकाचं असेल तर एका इंचाला ५२ पिकं लागतात. म्हणजे मिनिटाला दोन-सव्वादोन इंच कापड, तासाला तीन-साडेतीन मीटर. तार तुटते, कांडी बदलावी लागते, वीज जाते. हे सगळं धरलं तर बारा तासांच्या पाळीत तीस-पस्तीस मीटर झाले तरी पुष्कळ. बीमवर शेकडो मीटर ताणा गुंडाळलेला असतो. तो आठवडा-आठवडा चालतो, कधी त्याहून जास्त. संपल्यावर नवा बीम चढवून वहिफणी होईपर्यंत माग उभा राहतो आणि ज्याची मजुरी मीटरवर आहे त्याचा तो वेळ फुकट जातो. मागवाल्याच्या घरी बीम कधी संपणार हे आधीपासून माहीत असतं आणि त्या दिवसाची धास्ती असते. लेखिकेनं ते प्रकरण पुन्हा लिहिलं. अचानक आलेली शांतता गेली आणि तिच्या जागी चार दिवस आधीपासून वाट बघायला लावणारी शांतता आली. कादंबरीचा मधला भाग त्यामुळे सुधारला.

आता ‘त्यांच्या प्रेमाने मी भारावून गेले’ हे वाक्य या कामाशेजारी ठेवून पाहा. शेजाऱ्यांनी प्रेम दिलंही असेल, पण त्यांनी जे दिलं ते ज्ञान होतं. तीस-चाळीस वर्षं कानाशी खडखडाट घेऊन मिळवलेलं. त्याची नोंद केली तर वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळतात: या माणसाला काय ठाऊक आहे, आणि लेखिकेनं ते ऐकलं. यात कादंबरी किती छान आहे याबद्दल चकार शब्द नाही. तरी अशा मजकुरानंच पुस्तकाबद्दल विश्वास वाटतो. हा विश्वास कमवायचा म्हणून मात्र असं लिहू नये. तो आपोआप आला तर येऊ द्यावा.

निवृत्त बाईंचं काम वेगळं होतं. त्यांनी कथानकाला हात लावला नाही. कादंबरीतली आजी संतापली की छापील मराठीत बोलायला लागायची. तशा जागा त्यांनी पेन्सिलीनं खुणा करून परत दिल्या आणि काही ठिकाणी समासात, आपल्या आईच्या तोंडी काय आलं असतं ते लिहिलं. हेही नोंदवण्याजोगं आहे. मुद्रितशोधन करणारा शब्दांची चूक काढतो, चांगला पहिला वाचक माणसाची चूक काढतो.

मैत्रिणीचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिनं तिसऱ्या प्रकरणापाशी वाचणं थांबवलं आणि तसं सांगितलं. पुढे जावंसं वाटेना, एवढंच म्हणाली, कारण तिला नीट सांगता आलं नाही. लेखिकेनं ते प्रकरण काढून टाकलं. त्यात यंत्रमाग शहरात कसे आले याचा इतिहास होता, मेहनतीनं गोळा केलेला, आणि कथा तिथे थांबत होती. न आवडल्याचं सांगणारा वाचक पहिल्या पुस्तकाच्या वाट्याला क्वचित येतो. मित्र-नातेवाईक ‘छान आहे’ म्हणतात, कारण त्यांना लेखक हवा असतो, पुस्तक झालं नाही तरी चालतं. ज्यानं मैत्री पणाला लावून खरं सांगितलं त्याचे आभार गाळले जातात, कारण ते लिहिलं तर पुस्तकात दोष होता असं दिसेल अशी भीती वाटते. ही भीतीच जाहिरातीच्या सुराचं मूळ आहे. जाहिरातीला वस्तू पहिल्यापासून निर्दोष असावी लागते. पुस्तक तसं नसतं. ते दुरुस्त होत होत पुस्तक होतं, आणि ती दुरुस्ती कुणाच्या तरी हातून झालेली असते.

इथे मोठ्या नावांचा एक प्रश्न येतोच. प्रकाशनाला एखादे मान्यवर येतात, दोन शब्द बोलतात, फोटोत मध्यभागी असतात. त्यांचे आभार मानावेत, ते आले म्हणून. पण त्यांनी हस्तलिखित वाचलेलं नसेल तर पहिल्या वाचकांच्या रांगेत त्यांना उभं करू नये, आणि त्यांचं नाव जोडून त्यांच्या चाहत्यांपर्यंत पोहोचण्याची युक्ती आभारांच्या नावाखाली करू नये. त्यांचं नाव पहिल्या ओळीत आणि मागवाल्या शेजाऱ्यांचा उल्लेख ‘इतर सर्व हितचिंतक’मध्ये, असं झालं तर फोटोखाली काहीही लिहिलं तरी सगळ्यांना खरं ते कळतं. शेजाऱ्यांनाही कळतं.

आता घर. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण पहिल्या वाचकांपेक्षा घरच्यांवर अन्याय अधिक होतो, आणि तो चांगल्या शब्दांनी होतो.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले ब्रूस होल्सिंगर यांनी जुन्या विद्वत्तापूर्ण पुस्तकांतल्या ऋणनिर्देशांचे उतारे #ThanksForTyping या नावाखाली लोकांपुढे मांडायला सुरुवात केली. पाठोपाठ इतरांनीही आपापल्या कपाटातली पुस्तकं उघडली. उतारे एकसारखे होते. पतीनं पुस्तक लिहिलेलं, आणि शेवटी पत्नीचे आभार, तिनं हस्तलिखित टाइप केलं म्हणून. काही ठिकाणी तिनं ते अनेकदा टाइप केलेलं, संदर्भ तपासलेले, भाषा सुधारलेली. आणि कित्येक ठिकाणी तिचं नावच नाही, नुसतं ‘माझी पत्नी’. सगळ्यांनी आभार मानले होते, तरी वाचताना अस्वस्थ वाटत होतं. टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’च्या खर्ड्यांच्या नकला सोफिया टॉलस्टॉय यांनी पुन्हा पुन्हा हातानं काढल्या होत्या, हे आज जगाला माहीत आहे, पण ते कळायला त्यांच्या रोजनिशा आणि पत्रं लोकांपुढे यावी लागली.

आपल्याकडचं एक उदाहरण याच्या उलट दिशेचं आहे आणि म्हणून मला मोलाचं वाटतं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करताना त्या ओव्या रचत, त्या त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी टिपून घेतल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी त्या कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह आला. सोपानदेव स्वतः नामवंत कवी होते. तरी या पुस्तकाच्या कहाणीत त्यांचं काम ठळक आणि मर्यादित राहिलं: त्यांनी उतरवून घेतलं, जपलं, योग्य माणसाकडे नेलं. घरच्या माणसानं काय केलं हे क्रियापदांनी सांगता येतं, याचं हे उत्तम उदाहरण आहे.

‘कुटुंबाचा असीम संयम’ या शब्दांची अडचण इथेच आहे. संयम म्हटलं की माणूस काही करत नव्हता, नुसता थांबला होता असं चित्र उभं राहतं. आपल्या उदाहरणातल्या सासूबाई थांबल्या नव्हत्या. लेखिका बँकेतून आल्यावर दीड तास लिहायला बसायची तेव्हा संध्याकाळची भाकरी त्यांच्याकडे होती, गुडघे दुखत असताना. नवरा रविवारी मुलीला घेऊन सकाळीच घराबाहेर पडायचा. त्याला स्वतःला आठवड्यातून तेवढीच एक सकाळ मोकळी मिळायची. मुलीनं तर संयम दाखवलाच नाही. ती दर दोन दिवसांनी येऊन “संपलं का?” विचारायची आणि तिला खरं उत्तर द्यावं लागायचं. तिचे आभार संयमासाठी मानणं हे तिच्यावर खोटं लादणं आहे. तिनं विचारत राहण्याचं काम केलं, आणि ते उपयोगी पडलं.

घरच्यांनी सोसलेली आणखी एक गोष्ट असते, जिच्याबद्दल जवळजवळ कुणीच लिहीत नाही. पहिली कादंबरी बहुतेक वेळा आपल्याच अंगणातून उचललेली असते. आत्याचं मोडलेलं लग्न, आजोबांचं कर्ज, भावाचं व्यसन, यातलं काहीतरी नाव-गाव बदलून पुस्तकात येतं. घरचे ते वाचतात, ओळखतात आणि गप्प राहतात. हा त्यांचा सगळ्यात मोठा सोसण्याचा भाग असतो, आणि नेमका हाच भाग फोटोखाली लिहायचा नसतो. ‘माझ्या आत्यानं आपली कहाणी मला दिली’ असं लिहिणं लेखिकेला प्रांजळ वाटेल. पण त्या एका ओळीनं गावातले सगळे त्या पात्राकडे बोट दाखवायला लागतात आणि कादंबरीनं दिलेला आडोसा निघून जातो. अशा माणसाला छपाईआधी हस्तलिखित द्यावं, पुस्तक आल्यावर पहिली प्रत घेऊन त्याच्या घरी जावं, जे बोलायचं ते तिथे बोलावं. चारचौघांत त्याचं नाव घेऊ नये. आजारपण, पैशाची ओढाताण, नवरा-बायकोतले ताण, यांचंही तसंच. ते लिहिलं की वाचणाऱ्याचं मन हेलावतं. म्हणूनच ते लिहिण्याचा मोह टाळावा, कारण मग दुसऱ्याचं दुःख आपल्या पुस्तकाच्या कामाला लागतं.

यातून एक नियम निघतो, आणि तो मी आग्रहानं सांगेन. ज्यांचा उल्लेख करायचा त्यांना मजकूर आधी वाचून दाखवावा. यात औपचारिकता नाही, फायदा आहे. सासूबाई म्हणतील, भाकरीचं कशाला लिहितेस, मी तुझ्या परीक्षेच्या वेळीही करतच होते की. मग तसं लिहावं किंवा लिहू नये, त्यांच्या मर्जीनं. शेजारी म्हणतील, नाव घाल, पण मालकाचं नाव येऊ देऊ नको. मैत्रीण म्हणेल, मी वाचन सोडलं हे लिहिलंस तर मला आवडेल. लेखिकेला जे उपकार आठवतात आणि माणसांना आपण केलेलं जे काम वाटतं, त्यात नेहमी थोडा फरक असतो. तो फरक विचारल्याशिवाय कळत नाही.

एवढं सगळं झाल्यावर मजकूर असा होईल:

“माझी पहिली कादंबरी छापून आली. छपाईआधी ती तिघांनी वाचली. एका रात्रीत बीम संपत नाही, हे शेजारच्या काकांनी सांगितलं आणि मी मधलं एक प्रकरण पुन्हा लिहिलं. बाईंनी आजीच्या तोंडची पुस्तकी वाक्यं पेन्सिलीनं शोधून दिली. एका मैत्रिणीला तिसऱ्या प्रकरणापुढे वाचवेना. ते प्रकरण आता पुस्तकात नाही. मी लिहीत होते त्या संध्याकाळी स्वयंपाक आईंनी केला. रविवारची सकाळ यांनी मुलीला घेऊन बाहेर काढली. मुलगी ‘संपलं का?’ विचारत राहिली. संपलं.”

त्याखाली एक ओळ मोकळी सोडावी आणि मग नाव, प्रकाशक, पानं, किंमत, कुठे मिळेल. माणसांची संमती असेल तर ‘काका’, ‘बाई’, ‘मैत्रीण’ यांच्या जागी त्यांची नावं यावीत. सच्चिदानंदबाबांचं आलं तसं.

या मजकुरात ‘आभार’ हा शब्द नाही, आणि तो घालावा असं मला वाटत नाही. पण कुणाला त्याशिवाय चुकल्यासारखं वाटत असेल तर शेवटी ‘या सगळ्यांची मी आभारी आहे’ एवढं एक वाक्य पुरे. ते साधंच ठेवावं. पहिल्या ओळीचं मात्र महत्त्व आहे. फोनच्या पडद्यावर असा मजकूर पूर्ण दिसत नाही, सुरुवातीच्या दोन-तीन ओळी दिसतात आणि बाकीचं उघडावं लागतं. म्हणून पुष्कळ जण पहिल्या ओळीत ‘धक्कादायक’, ‘अविस्मरणीय’ असं काही घालतात किंवा अर्धवट वाक्यानं उत्सुकता ताणतात. तिथे साधी बातमी असावी. ज्याला तुमची बातमी हवी आहे तो उघडेल. खाली वीस-पंचवीस हॅशटॅगांची रांग लावण्यानंही तेच होतं. वरच्या माणसांच्या नोंदीखाली एकदम बाजार भरतो. पुस्तकाचं नाव आणि प्रकाशक यांपलीकडे काही जोडायची गरज नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. हे सगळं केल्यावर मजकूर कोरडा वाटेल, आनंद कुठे गेला, असं म्हणता येईल. पहिलं पुस्तक हा आयुष्यातला मोठा आनंद आहे आणि तो दाबून ठेवावा असं मी म्हणत नाही. पण त्याला जागा हवी असेल तर ती स्वतःच्या आनंदाच्या वाक्याला द्यावी, इतरांच्या कामाच्या वाक्यात तो मिसळू नये. ‘छापील पान पहिल्यांदा बघताना मला माझीच वाक्यं ओळखू येईनात’ असं एखादं वाक्य लेखिकेनं लिहिलं तर ते तिचं आहे, खरं आहे, आणि त्यानं कुणाच्या कामावर झाकण पडत नाही. अतिशयोक्ती करणाऱ्याला आनंद जास्त झालेला असतो असं नाही. बहुतेक वेळा त्यानं आपला आनंद नीट पाहिलेला नसतो.

दुसरा आक्षेप प्रकाशकाकडून येतो. एवढ्या बारीक तपशिलानं विक्री होत नाही, दोन ओळींत पुस्तकाचा विषय सांगा, एखादं चमकदार वाक्य टाका. प्रकाशकाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे आणि त्याचा उपाय सोपा आहे. विषयाची, मुखपृष्ठाची, प्रकाशन समारंभाची माहिती देणारा मजकूर प्रकाशकानं आपल्या नावानं वेगळा लिहावा. तिथे पुस्तकाची भलामण करायला काहीच हरकत नाही, ते त्याचं कामच आहे. लेखिकेनं तो मजकूर पुढे पाठवावासुद्धा. फक्त दोन्ही एका फोटोखाली नकोत.

मर्यादाही सांगितली पाहिजे. फोटोखालचा मजकूर पुस्तकातल्या ऋणनिर्देशाची जागा घेऊ शकत नाही. तो काही दिवसांत खाली ढकलला जातो, पुस्तक मात्र कपाटात, ग्रंथालयात राहतं. म्हणून ही नोंद आधी पुस्तकात असली पाहिजे. शेवटचा फॉर्म छपाईला जाण्यापूर्वी ऋणनिर्देशाचं पान घरच्यांसमोर आणि वाचकांसमोर ठेवून एकदा तपासावं. इतकी काळजी घेऊनही कुणीतरी राहतंच. ज्यानं एका रात्रीत लॅपटॉप दुरुस्त करून फाइल वाचवली तो, किंवा जिनं पहिल्या खर्ड्याच्या झेरॉक्स प्रती काढून बांधून दिल्या ती. पुस्तक आल्यावर आठवण होते आणि लेखिका लाजेनं विषय टाळते. टाळू नये. त्या माणसाला भेटून सांगावं, आणि प्रकाशकाला लगेच एक चिठ्ठी पाठवून ठेवावी, की दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा ऋणनिर्देशात हे नाव आणि हे काम वाढवा. दुसरी आवृत्ती निघेपर्यंत लेखिकेनं आपल्या प्रतीत त्या पानावर ते नाव पेनानं लिहावं, आणि पुस्तक ज्यांना ज्यांना स्वतःच्या हातानं देईल त्यांच्या प्रतींतही.